मोठ्या पगाराचा परदेशी प्रस्ताव आम्ही कसा तपासला

आपण विचारले आहे की, आपल्या मुलाकडे साधी बी.ए. पदवी, इंग्रजी टायपिंग आणि दुकानातल्या हिशेबाचा थोडासा अनुभव असताना त्याला बँकॉकमध्ये महिना ९० हजार रुपयांची नोकरी देऊ करण्यात आली आहे, तर या आकड्यावरूनच शंका घ्यावी का. माझे उत्तर असे की शंका जरूर घ्यावी, मात्र ती आकड्यापाशी थांबू देऊ नये. पगार मोठा असणे हा पुरावा नव्हे. तो इतका मोठा का आहे याचे कारण प्रस्ताव देणाऱ्याला सांगता येते का, आणि ते कारण बाहेरून तपासून पाहता येते का, हे महत्त्वाचे. जवळजवळ असाच प्रस्ताव २०२५च्या उन्हाळ्यात माझ्या मावसभावाला आला होता आणि तो तपासण्याचे काम मावशीने माझ्यावर सोपवले होते. मी नागपुरात एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागात काम करते. उमेदवार निवडणे, वेतन ठरवणे आणि नियुक्तिपत्रे काढणे हा माझा रोजचा व्यवसाय आहे, त्यामुळे समोरच्या बाजूने खरा मालक काय करतो हे मला ठाऊक होते. आम्ही काय विचारले, काय उत्तरे मिळाली आणि त्यांवरून काय ठरवले, ते आपल्याला सविस्तर सांगते.

आधी दुसरी बाजू सांगणे न्यायाचे होईल, कारण साध्या पात्रतेच्या माणसाला मोठा पगार मिळण्याची खरी उदाहरणेही आहेत. २०२३च्या ऑक्टोबरनंतर इस्रायलने पॅलेस्टिनी कामगारांना बांधकामावर येऊ देणे बंद केले, तेव्हा तिथे सेंट्रिंगचे सुतार, लोखंड बांधणारे, फरशी बसवणारे आणि प्लास्टर करणारे यांची एकाएकी टंचाई झाली. २०२४च्या जानेवारीत हरियाणा आणि उत्तर प्रदेशात राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळामार्फत भरती झाली आणि महिना सुमारे १ लाख ३७ हजार रुपये देऊ करण्यात आले. तिथे जाण्यात युद्धाचा धोका होता, त्यावर मतभेदही झाले. पण त्या पगाराचे कारण कोणालाही दिसत होते. कोणत्या देशाला, कोणत्या कामासाठी आणि कशामुळे माणसे हवी आहेत हे वर्तमानपत्रात छापून येत होते, करार सरकारांमध्ये झाला होता आणि इस्रायलकडून आलेले परीक्षक उमेदवाराला प्रत्यक्ष भिंत गिलावा करायला लावून त्याचे काम पाहत होते. शालेय शिक्षण कमी असले, तरी हातातले कौशल्य दुर्मिळ होते आणि ते तपासले जात होते.

मावसभावाचा प्रस्ताव या मोजमापाला लावून पाहायचा होता. तो बी.कॉम. झालेला आहे. वाडीतल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या कार्यालयात बिल्टी बनवणे आणि गाड्यांच्या नोंदी संगणकावर चढवणे हे त्याचे काम होते आणि पगार १६ हजार रुपये होता. सीताबर्डीतील एका एजंटाने त्याला बँकॉकच्या एका ‘माहिती तंत्रज्ञान कंपनी’त डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग एक्झिक्युटिव्हचे पद देऊ केले. पगार १,२०० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने १ लाखाच्या थोडा वर. शिवाय राहणे, जेवण आणि विमानाचे तिकीट कंपनीचे. मुलाखत टेलिग्रामवर झाली आणि ती पाव तासही चालली नाही. त्यात इंग्रजी टायपिंगचा वेग पाहिला गेला, चॅटवर दोन-चार वाक्ये लिहून घेतली गेली आणि पासपोर्टच्या सर्व पानांचे फोटो मागितले गेले. आधीच्या मालकाचे नाव, काम सोडण्याचे कारण, पदवीची गुणपत्रिका यांपैकी काहीही विचारले गेले नाही.

मला पगारापेक्षा ही मुलाखत अधिक खटकली. आम्ही १८ हजारांच्या जागेसाठी माणूस घेतो तेव्हाही त्याच्या आधीच्या कार्यालयात फोन करतो, मूळ कागद पाहतो आणि विभागप्रमुख त्याच्याशी अर्धा तास बोलतो, कारण चुकीचा माणूस घेतला तर तोटा आमचा होतो. जो मालक महिना १ लाख द्यायला निघाला आहे, शिवाय विमानाचे तिकीटही काढतो आहे, त्याला तर अधिक काळजी हवी. ज्याला चुकीच्या निवडीची भीतीच वाटत नाही, त्याच्या हिशेबात पगार हा खर्च धरलेला नसावा, असे माझे मत झाले. टायपिंग आणि इंग्रजी चॅट एवढेच का तपासले, याचा उलगडा पुढे झाला.

त्यानंतर मी बाजारभाव पाहिला. आपणही इथून सुरुवात करावी, कारण यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. तुलना मुलाच्या नागपुरातील पगाराशी करायची नसते. तेच काम त्याच शहरातला स्थानिक माणूस किती पैशांत करतो, हे पाहायचे असते. बँकॉकमधील नोकऱ्यांच्या जाहिराती पाहिल्यावर नवशिक्या कार्यालयीन कर्मचाऱ्याला साधारण १५ ते २० हजार बाट देऊ केलेले दिसत होते. १,२०० डॉलरचे त्या वेळी जवळजवळ ४० हजार बाट होत होते. म्हणजे थाई भाषा येणाऱ्या, तिथेच राहणाऱ्या, व्हिसा न लागणाऱ्या माणसाच्या दुप्पट पगार, वर राहणे-जेवण, आणि तोही थाई भाषेचे एक अक्षर न येणाऱ्या नागपूरच्या मुलाला. यासाठी काहीतरी कारण असायला हवे. एजंटाला विचारले तेव्हा तो म्हणाला की भारतीय मुले मेहनती असतात आणि त्यांचे इंग्रजी चांगले असते. हे कौतुक ऐकायला बरे वाटते, पण वेतन ठरवणारा कोणताही माणूस त्याला दुप्पट पगाराचे कारण मानणार नाही.

थायलंडच्या कायद्याकडे पाहिल्यावर कोडे आणखी घट्ट झाले. तिथे परदेशी माणसाला कामावर ठेवणे मालकाला स्वस्त पडत नाही. सर्वसाधारण कंपनीला एका परदेशी कर्मचाऱ्यामागे २० लाख बाट भांडवल आणि ४ थाई कर्मचारी दाखवावे लागतात. परदेशी व्यक्तीने करू नयेत अशा कामांची तिथे सरकारी यादी आहे आणि कारकुनी व सचिवीय काम त्या यादीत येते. म्हणजे ‘डेटा एंट्री’ म्हणून ज्या कामाचे वर्णन तोंडी केले जात होते, ते काम मावसभावाला तिथे कायद्याने करताच आले नसते. पदाचे नाव कागदावर मार्केटिंग आणि तोंडी डेटा एंट्री असे दुहेरी का होते, हा प्रश्न मी एजंटाला केला, तेव्हा त्याने विषय बदलून जागा भरत आल्या असल्याचे सांगितले. आपल्या मुलाच्या कागदावर पदाचे नाव काय आहे आणि काम म्हणून त्याला काय सांगितले गेले आहे, हे दोन्ही शेजारी ठेवून पाहावे.

मग एजंटाची नोंदणी पाहिली. १९८३च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परदेशातील नोकरीसाठी भरती करणाऱ्याला परराष्ट्र मंत्रालयातील प्रोटेक्टर जनरल ऑफ एमिग्रंट्स यांच्याकडे नोंदणी करावी लागते. त्यासाठी मोठ्या एजंटाला ५० लाख रुपयांची आणि लहानाला ८ लाखांची बँक हमी द्यावी लागते, त्यामुळे ही नोंदणी असणाऱ्याचे काही पैसे सरकारकडे अडकलेले असतात. emigrate.gov.in या संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी कोणालाही पाहता येते आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रारी आलेल्या आहेत अशा बेकायदा एजंटांची यादीही तिथे असते. आमच्या एजंटाचे नाव नोंदणीकृत यादीत नव्हते. ते बेकायदा यादीतही नव्हते, पण त्याचा अर्थ त्याच्याबद्दल अजून कोणी तक्रार केलेली नाही एवढाच होतो.

मी परवाना मागितला तेव्हा त्याने मोठ्या विश्वासाने तीन कागद पुढे ठेवले. एक गुमास्ता, दुसरा जीएसटी नोंदणीचा आणि तिसरा उद्यम नोंदणीचा, ज्यावर भारत सरकारचे बोधचिन्ह होते. मावशीला त्या बोधचिन्हाने बराच धीर आला होता, म्हणून हे स्पष्ट करणे मला भाग पडले की हे तिन्ही कागद किराणा दुकानदारालाही मिळतात. ते व्यवसाय अस्तित्वात असल्याचे सांगतात, माणसे परदेशी पाठवण्याची परवानगी देत नाहीत. आपल्याला एजंटाने परवाना क्रमांक दिला, तर तेवढ्यावरही थांबू नये. त्या क्रमांकापुढे संकेतस्थळावर जो पत्ता आणि दूरध्वनी दिलेला असेल, तिथे स्वतः फोन करून ‘आपण या नोकरीसाठी भरती करत आहात का’ असे विचारावे. दुसऱ्याचा खरा क्रमांक स्वतःच्या पत्रावर छापणे अवघड नसते.

इथे एक गोष्ट पालकांच्या लक्षात सहसा येत नाही. दहावी किंवा त्याहून अधिक शिकलेल्यांचा पासपोर्ट सामान्यतः उत्प्रवास परवानगीची गरज नसलेल्या वर्गातला असतो. कमी शिकलेला मजूर आखातात जातो, तेव्हा त्याचा करार आणि मालक यांची नोंद सरकारी यंत्रणेकडून तपासली जाते, आणि अशी परवानगी लागणाऱ्या देशांच्या यादीत थायलंडही आहे. परंतु पदवीधर मुलगा निघतो तेव्हा त्याचा करार वाटेत कोणीही अधिकारी उघडून पाहत नाही. शिकलेला असल्यामुळे त्याला मिळालेली ही मोकळीक या व्यवहारात त्याच्या विरुद्ध जाते. टायपिंग येणारी पदवीधर मुले या लोकांना सोयीची वाटण्यामागे हेही एक कारण असावे, असे मला वाटते.

मावशीचा सर्वांत मोठा आक्षेप असा होता की एजंट आपल्याकडून एक रुपयाही मागत नाही, मग तो फसवेल कशाला? आपल्यालाही हेच वाटत असेल, म्हणून यावर थोडे थांबते. परदेशी नोकरीच्या फसवणुकीची जुनी पद्धत पैसे घेऊन पसार होण्याची होती, आणि तिच्यामुळे पैसे न मागणारा तो सच्चा असा समज आपल्याकडे पक्का झाला. कायद्याने नोंदणीकृत एजंट उमेदवाराकडून ३० हजार रुपयांपर्यंत सेवाशुल्क घेऊ शकतो, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ३५ हजार ४०० रुपये होतात, आणि त्याची पावती द्यावी लागते. म्हणजे मर्यादेतले शुल्क मागणारा एजंट त्यामुळे वाईट ठरत नाही. आणि मुळीच न मागणाऱ्याबद्दल विचारायचा प्रश्न असा की, मग त्याला पैसे कोण देते आणि कशासाठी देते. थायलंड-म्यानमार सीमेवरच्या फसवणूक केंद्रांना माणसे पुरवणाऱ्यांना तिकडून डोईमागे पैसे मिळतात. अशा व्यवहारात उमेदवार हा गिऱ्हाईक नसतो, तोच माल असतो.

ही केंद्रे काय आहेत ते सांगणे आवश्यक आहे, कारण पगाराच्या आकड्याचे खरे स्पष्टीकरण तिथे आहे. म्यानमारमध्ये म्यावाडी नावाचे गाव थायलंडच्या सीमेला लागून आहे. मधून मोएई नदी वाहते आणि अलीकडे थायलंडचे माए सोट हे गाव आहे. तिथे म्यानमार सरकारचे नियंत्रण नीट चालत नाही, सशस्त्र गटांचे चालते. त्या भागात उंच कुंपणांच्या आत इमारती उभ्या करून तिथून जगभरातल्या लोकांना ऑनलाइन फसवले जाते. खोटी ओळख घेऊन चॅटवर मैत्री करायची, विश्वास बसला की बनावट क्रिप्टो गुंतवणुकीत पैसे घालायला लावायचे, असे हे काम असते. त्याला लागतो वेगाने टाइप करणारा, इंग्रजीत गप्पा मारू शकणारा तरुण. मुलाखतीत नेमके तेवढेच का पाहिले गेले, याचे उत्तर यात आहे.

परराष्ट्र मंत्रालयाने २०२२च्या सप्टेंबरमध्येच यासंबंधी इशारा काढला होता. त्यात थायलंडमध्ये ‘डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह’ म्हणून नोकरीचे आमिष दाखवले जाते, लक्ष्य माहिती तंत्रज्ञानात कुशल असलेली तरुण मुले असतात आणि त्यांना बेकायदा सीमा ओलांडून बहुतांशी म्यानमारमध्ये नेले जाते, असे स्पष्ट म्हटले आहे. मावसभावाच्या नियुक्तिपत्रावरील पदनाम या इशाऱ्यातील पदनामाशी शब्दशः जुळत होते. ते मी त्याला दाखवले, तेव्हा घरात पहिल्यांदा शांतपणे ऐकून घेतले गेले. २०२५च्या मार्चमध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी माए सोटहून ५०० हून अधिक भारतीयांना परत आणले, तेही याच केंद्रांतून सुटलेले होते. कंबोडिया आणि लाओस या देशांतल्या अशाच नोकऱ्यांबद्दलही आपल्या दूतावासांनी सावध केले आहे.

आता पगाराकडे परत पाहावे. जो मालक तो आकडा पाळणारच नाही, त्याला आकडा कितीही लिहिता येतो. आत गेल्यावर पासपोर्ट काढून घेतला जातो, आणि सोडून जायचे म्हटले की तिकिटाचे, राहण्याचे, ‘खरेदी’चे असे हजारो डॉलर परत मागितले जातात, असे परतलेल्यांनी सांगितलेले आहे. मग आकडा ५ लाख का लिहीत नाहीत? कारण ५ लाखांवर कोणीही विश्वास ठेवणार नाही. १ लाख हा आकडा १६ हजार मिळवणाऱ्या मुलाला हलवण्याइतका मोठा आणि परदेशात एवढे मिळत असेल असे वाटण्याइतका लहान आहे. आपल्या मुलाला सांगितलेले ९० हजारही याच टप्प्यातले आहेत. हा पगार कामाच्या किमतीवरून ठरलेला नसून ऐकणाऱ्याच्या आजच्या पगारावरून ठरलेला असतो, असे मला अनुभवाने वाटते.

तरीही इथवरच्या गोष्टी संशयाच्या होत्या, निर्णायक नव्हत्या. नोंदणी नसलेला एजंटही एखाद्या खऱ्या कंपनीसाठी बेकायदा भरती करत असू शकतो. निर्णय झाला तो व्हिसाच्या प्रश्नावर, आणि आपण एकच प्रश्न विचारणार असाल तर हाच विचारावा, असे मी सांगेन. मी मावसभावाला एजंटाकडे लिहून विचारायला लावले की कोणत्या वर्गाचा व्हिसा काढला जाणार आहे, त्याचा अर्ज कोण करणार आहे आणि वर्क परमिटसाठी कंपनीने तिथल्या कामगार खात्याकडे काय दाखल केले आहे. लिहूनच विचारायचे, कारण फोनवर मिळालेले उत्तर दुसऱ्या दिवशी बदलते.

खरी वाट अशी असते. थायलंडमध्ये नोकरी करायची तर नॉन-इमिग्रंट ‘बी’ वर्गाचा व्हिसा लागतो. मालक आधी आपली कागदपत्रे देतो, म्हणजे कंपनीची नोंदणी, भागधारकांची यादी, कराची विवरणे, निमंत्रणाचे पत्र आणि बहुधा कामगार खात्याची पूर्वमंजुरी. ती जोडून उमेदवार भारतातून अर्ज करतो. २०२५पासून हा अर्ज thaievisa.go.th या थाई सरकारच्या संकेतस्थळावर करता येतो. तिथे पोहोचल्यावर वर्क परमिट मिळते आणि त्यानंतर काम सुरू होते. यात काही आठवडे सहज जातात.

एजंटाचे लेखी उत्तर असे आले: भारतीयांना सध्या ६० दिवस व्हिसाच लागत नाही, आत्ता पर्यटक म्हणून जायचे, वर्क परमिट कंपनी तिथे करून देईल. भारतीयांना त्या वेळी अशी ६० दिवसांची सवलत होती हे खरे आहे, आणि काही परिस्थितींत थायलंडमध्ये असतानाच व्हिसाचा वर्ग बदलून घेता येतो हेही खरे आहे, म्हणून हे उत्तर ऐकताक्षणी खोटे वाटत नाही. परंतु वर्ग बदलण्यासाठीही मालकाची तीच सगळी कागदपत्रे लागतात. ती तिथे तयार होणार असतील, तर आज पाठवायला हरकत काय? म्हणून आम्ही पुढे फक्त एक गोष्ट मागितली, कंपनीचा थाई नोंदणी क्रमांक. तो १३ अंकी असतो, थायलंडच्या व्यापार विकास खात्याच्या नोंदींत त्यावरून कंपनी शोधता येते, आणि तो गुप्त ठेवण्याचे खऱ्या कंपनीला काहीही कारण नसते. आमच्याकडे नियुक्तिपत्रावर कंपनीचा नोंदणी क्रमांक छापलेलाच असतो. एजंटाने आधी ‘एचआर पाठवतील’ म्हणून सांगितले, मग इंग्रजीत एक नाव आणि संकेतस्थळ पाठवले, आणि क्रमांक शेवटपर्यंत आला नाही.

त्याऐवजी जे आले, ते वाचल्यावर मला काही तपासण्यासारखे उरले नाही. विमानतळावर काय सांगायचे, याच्या सूचना आल्या. फिरायला चाललो आहे असे सांगावे, नोकरीचा उल्लेख करू नये, नियुक्तिपत्र मोबाइलमधून काढून टाकावे, परतीचे तिकीट आणि हॉटेलचे आरक्षण दाखवावे, ते आम्ही देऊ आणि नंतर रद्द करू. मी मावसभावाला एवढेच विचारले की, एखादी कंपनी तुला कायदेशीर कामावर घेत असेल, तर ती तुझे नियुक्तिपत्र नष्ट करायला का सांगेल? ते पत्र हाच तुझ्याकडचा एकमेव पुरावा आहे. पुढे काही बिघडले तर दूतावासालाही तू पर्यटक म्हणून आला होतास एवढेच कागदावर दिसेल. त्याने त्यावर वाद घातला नाही.

कामाचे ठिकाण कोठे, हेही आम्ही विचारले होते. नियुक्तिपत्रावर बँकॉक लिहिले होते, पण विमानतळावर गाडी येईल आणि ‘शाखेत’ घेऊन जाईल, असे एजंट म्हणत होता, आणि प्रवास सात-आठ तासांचा आहे हे त्याच्या बोलण्यात सहज आले. बँकॉकहून माए सोट साधारण ५०० किलोमीटर आहे आणि गाडीने तेवढाच वेळ लागतो. त्या वाटेवर दुसरी गावेही आहेत, तेव्हा एवढ्यावरून ठिकाण सिद्ध होत नाही. पण नोकरी बँकॉकची आणि प्रवास सात-आठ तासांचा, हे एकत्र बसत नाही. आपल्या मुलाला कामाच्या इमारतीचा पूर्ण पत्ता, जिल्हा आणि प्रांत मागायला सांगावे. माए सोट ज्यात येते त्या ताक प्रांताचे नाव आले, किंवा पत्ता ‘तिथे गेल्यावर कळेल’ असे उत्तर आले, तर पुढे बोलणेच नको.

मावसभावाने नकार कळवला तेव्हा एजंटाने तिकिटाचे पैसे भरून द्या म्हणून दडपण आणले. तिकिटाची प्रत मागितली, ती आली नाही. मूळ पासपोर्ट त्याच्याकडे दिलेला नव्हता, ही मोठी जमेची बाजू होती. मी मावशीला आग्रह करून सर्व संभाषणाची छायाचित्रे काढून ठेवायला लावली आणि मावसभावासह स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला. emigrate संकेतस्थळावरही तक्रार नोंदवली. पैसे गेलेले नसल्यामुळे अशी तक्रार कशासाठी करायची, असे घरच्यांचे म्हणणे होते. माझे म्हणणे असे होते की एजंटाचे नाव बेकायदा यादीत यायचे, तर कोणीतरी ते आधी कळवायला हवे, आणि मावसभावाच्या जागी तो दुसऱ्या कोणाच्या मुलाला शोधणारच होता.

या तपासणीच्या मर्यादाही आपल्याला सांगायला हव्यात. आम्ही त्या कंपनीत काय चालते हे पाहिलेले नाही, तेव्हा ते फसवणूक केंद्रच होते असे मी शपथेवर म्हणू शकत नाही. आम्हाला एवढेच ठरवायचे होते की या कागदांवर एका मुलाला विमानात बसवावे की नाही, आणि त्यासाठी जे हाती आले ते पुरेसे होते. उलट बाजूने, कागद नीट असले म्हणजे सर्व नीट असतेच असेही नाही. खरी कंपनी, खरा व्हिसा आणि तरीही कामाचे हाल, हे आखातात गेलेल्या अनेकांच्या वाट्याला आले आहे. पण तिथे निदान मालकाचे नाव, करार आणि दाद मागण्याची जागा असते.

आपल्या मुलाच्या बाबतीत एकदम नकार देऊन घरात भांडण करण्यापेक्षा त्याच्याकडूनच हे प्रश्न एजंटाला लिहून पाठवून घ्यावेत. व्हिसाचा वर्ग, कंपनीचा १३ अंकी क्रमांक, कामाचा पूर्ण पत्ता आणि एजंटाचा परवाना क्रमांक, एवढेच विचारावे. खऱ्या मालकाला यांची उत्तरे द्यायला एक दिवस पुरतो, आणि अशा प्रश्नांचा त्याला राग येत नाही. मीही असे प्रश्न विचारणाऱ्या उमेदवाराला अधिक गांभीर्याने घेते. मिळालेली उत्तरे बँकॉक येथील भारतीय दूतावासाला ईमेलने पाठवून कंपनीबद्दल विचारता येते. भारतातून मार्गदर्शन हवे असेल, तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा १८००-११-३०९० हा निःशुल्क क्रमांक आहे. उत्तर यायला वेळ लागला तर तेवढा थांबावे. ‘आजच नक्की करा, नाहीतर जागा जाईल’ असे एजंट म्हणाला, तर जागा जाऊ द्यावी.

आपण लिहिले आहे की मुलाने पासपोर्टचे फोटो आधीच पाठवले आहेत. ते परत घेता येणार नाहीत, पण केवळ प्रतीवरून त्याला कोणी नेऊ शकत नाही. मूळ पासपोर्ट घरात, आपल्या ताब्यात ठेवावा. फोटो कोणाला, कोणत्या क्रमांकावर आणि कोणत्या तारखेला पाठवले ते लिहून ठेवावे आणि तक्रार करण्याची वेळ आली तर अर्जात तेही नमूद करावे. बँक खात्याचा तपशील किंवा आधारची प्रत मागितली तर देऊ नये. आणि तिकीट खरोखरच आले, तर त्यावर परतीच्या प्रवासाची तारीख आहे का ते पाहून, वर सांगितलेल्या प्रश्नांची लेखी उत्तरे हाती येईपर्यंत त्याला नागपूर सोडू देऊ नये.